नऊ महिन्यांची लस, पाच वर्षांचा प्रश्न

टायफॉइडच्या लसीबद्दल आईबाप दोन गोष्टी विचारतात: कितव्या महिन्यापासून द्यायची, आणि एकदा दिली की किती वर्षे पुरते. दोन्ही उत्तरे वेगवेगळी दिली जातात आणि घोटाळा तिथेच होतो, असे मला वाटते. लस किती वर्षे पुरते हे ती कोणत्या वयात दिली यावर पुष्कळ अवलंबून आहे. पाच वर्षांच्या मुलाला दिलेला डोस आणि नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला डोस एकाच बाटलीतला असला, तरी पुढे दोन्हींचा हिशेब सारखा राहत नाही. लहान वयात दिलेली लस वाया जाते, असा याचा अर्थ नाही. पण 'एकदा टोचली, आता काळजी नाही' हे वाक्य त्या बाळाच्या बाबतीत पाच वर्षांनी पुन्हा तपासून पाहावे लागते.

आधी वयाची अट कुठून आली ते पाहू. टायफॉइडच्या जंतूभोवती व्हीआय नावाच्या साखरेचे आवरण असते. जुनी लस म्हणजे नुसते हे आवरण. दोन वर्षांखालच्या मुलाचे शरीर नुसत्या साखरेची नीट दखल घेत नाही, त्यामुळे ती दोन वर्षांनंतरच देतात आणि तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. संयुग्म लसीत, म्हणजे कॉन्जुगेट लसीत, हीच साखर टिटॅनसच्या निष्क्रिय केलेल्या विषासारख्या एखाद्या प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन दिसले की टी पेशी मदतीला येतात, आणि मग तान्ह्या बाळातही प्रतिपिंडे तयार होतात. हैदराबादला तयार होणाऱ्या, टिटॅनसचे प्रथिन वापरणाऱ्या लसीच्या भारतातील चाचणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या सुमारे ९८ टक्के बाळांनी एका डोसला प्रतिसाद दिला. म्हणून तिचा परवाना सहा महिन्यांपासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मात्र नऊ महिने किंवा दुसरे वर्ष असे सुचवले. त्यामागचे कारण बरेचसे व्यवहाराचे आहे: त्या वेळी गोवराच्या लसीसाठी बाळ दवाखान्यात येतेच, आणि दोन्ही लसी एकाच दिवशी देता येतात.

आता टिकण्याचा प्रश्न. पहिली दोन वर्षे सगळीकडचे आकडे चांगले आहेत. नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथल्या मोठ्या चाचण्यांत एका डोसने टायफॉइडची ८० टक्क्यांच्या आसपास प्रकरणे टळली. नंतर वाटा फुटतात. मलावीत चार वर्षांहून थोड्या अधिक काळानंतरही एकूण संरक्षण ७८ टक्के होते. दोन वर्षांखाली लस घेतलेल्यांत ते ७१ च्या जवळ, म्हणजे जरासेच कमी. ढाक्यात चित्र बरेच फिकट निघाले. तिथे तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या काळात, मोठ्या वयात लस घेतलेल्या मुलांचे संरक्षण सुमारे ७४ टक्के राहिले, दोन ते चार वर्षांच्या वयात घेतलेल्यांचे ५९, आणि दोन वर्षांखाली घेतलेल्यांचे अवघे २४. या शेवटच्या आकड्याची अनिश्चितता इतकी मोठी आहे की खरे मूल्य शून्याखाली किंवा पन्नासच्या वरही असू शकते. तरीही वयागणिक उतरत जाणारी ही पायरी मला योगायोग वाटत नाही. प्रतिपिंडे दीर्घकाळ बनवत राहणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत मुक्काम करतात, आणि तान्ह्या वयात त्यांना तिथे तग धरणे अवघड जाते. हे इतर लसींमध्येही दिसलेले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की एकीकडे मलावी, दुसरीकडे ढाका, मग ढाक्यावरच विश्वास का? आक्षेप रास्त आहे. ढाक्यात नंतरच्या टप्प्यात तुलना लस न घेतलेल्यांशी नव्हती. आधी टोचलेल्या मुलांची तुलना उशिरा टोचलेल्यांशी होती, त्यामुळे निष्कर्षाची वीण तितकी घट्ट नाही. पण दाट वस्ती आणि भोवती सतत फिरणारा जंतू या बाबतीत आपली शहरे मलावीपेक्षा ढाक्याला जवळची आहेत. धोका कमी मानून चालण्यापेक्षा जास्त मानून चालावे, असे मी त्यामुळे म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: असे असेल तर लस पाचव्या वर्षीच का देऊ नये? कारण आजार तोवर थांबत नाही. दोन-तीन-चार वर्षांची मुलेही टायफॉइडने आजारी पडतात, आणि नऊ महिन्यांचा डोस नेमकी हीच वर्षे झाकतो. उशीर केला तर ती उघडी पडतील. शिवाय पाचव्या वर्षी दवाखान्यात मूल येईलच याची खात्री कुणी द्यावी?

धोक्याचा अंदाज आकड्यात मांडून पाहू. २०१७ ते २०२० या काळात भारतात चार ठिकाणी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांवर पाळत ठेवली गेली. वेल्लोरच्या वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ११७३ टायफॉइडची प्रकरणे सापडली, पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात ३५. सर्वाधिक आजार पाच ते नऊ या वयात. वेल्लोरसारख्या वस्तीतली शंभर मुले पाच ते दहा या पाच वर्षांत घेतली, तर लसीशिवाय सहाएक जणांना टायफॉइड होईल. संरक्षण ८० टक्के उरले असेल तर एखाद्याला, २४ टक्केच उरले असेल तर चार-पाच जणांना. हेच गणित पुण्याच्या त्या ग्रामीण भागात मांडले तर लसीशिवायही हजार मुलांमागे दोनसुद्धा भरत नाहीत. म्हणजे बूस्टरचा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राला एकाच तीव्रतेने लागू होत नाही. नळ-गटारे शेजारी वाहणाऱ्या शहरी वस्तीत तो खरा आहे, इतरत्र कमी.

अशा वस्तीत, नऊ महिन्यांना लस मिळालेल्या मुलाला पाचव्या वर्षाच्या सुमारास, त्रिगुणीच्या बूस्टरबरोबर, दुसरा डोस द्यावा का याचा विचार डॉक्टरांबरोबर बसून व्हायला हवा, असे माझे मत. दोन वर्षांनी दिलेल्या दुसऱ्या डोसने प्रतिपिंडे पुन्हा उसळतात, हे दाखवले गेले आहे. म्हणजे आठवण शाबूत असते. पण प्रतिपिंडे वाढणे आणि आजार टळणे यांत अंतर आहे, आणि ते विसरून 'बूस्टर हवाच' म्हणणे घाईचे होईल.

'लस दिली तरी टायफॉइड झालाच' ही तक्रार बहुतेकदा विडाल चाचणीवरून होते. विडाल ओ आणि एच या वेगळ्या घटकांवरची प्रतिपिंडे मोजते आणि दुसऱ्या तापांतही वाढीव येते. लस फसली की नाही हे रक्ताच्या कल्चरवरूनच म्हणता येते, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्त घेतले असेल तर अधिक भरवशाने. कल्चरमध्ये पॅराटायफॉइड निघाला, तर या लसीला दोष देता येत नाही. त्या जंतूवर ती चालत नाही. पाचव्या वर्षी हा सगळा विचार करायचा तर कार्डावर नुसते 'टायफॉइड' लिहून भागत नाही. लस संयुग्म होती की जुनी, नाव काय आणि तारीख कोणती, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे.