एसपीएफ पन्नास आणि राखाडी मी!

मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो आले आणि मी हादरलेच. सगळ्या जणी मस्त चमकतायत आणि मी? थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी! चेहरा राखाडी, मान सावळी. ‘‘अगं, पावडर किती थापलीस?’’ मावशीने विचारलंच. पावडर कसली, ते माझं महागडं एसपीएफ ५० सनस्क्रीन होतं. वर पिंपल्सचे काळे डाग होते तिथेच.

मग एका शनिवारी केमिस्टकडे ठाण मांडलं. तीन ब्रँड्स, तीन ट्यूब्स. पुढची बाजू नाही, मागची वाचायची.

पहिली माझीच. एसपीएफ ५०, पीए रेटिंगचा पत्ता नाही. फिल्टर्स झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन्ही पांढऱ्या पावडरी! गोऱ्या कातडीवर खपून जातात, सावळ्या रंगावर राखाडी थर दिसतो. शिवाय एसपीएफ सांगतो मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल. डाग गडद करणारे यूव्हीए किरण तर ऑफिसच्या खिडकीच्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी पीएपुढची अधिकची चिन्हं मोजायची. चार म्हणजे सर्वांत जास्त.

दुसरी ट्यूब एसपीएफ ५०, पीएला तीन अधिक. फिल्टर अ‍ॅव्होबेंझोन, म्हणजे केमिकल. हे पांढरं नसतं, लावलं की गायब. मी खूश! पण इथेच खरी गोम आहे. सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही, खासकरून त्यातल्या निळ्या-जांभळ्या भागाने, डाग गडद होतात. आणि जे क्रीम डोळ्यांना दिसतच नाही, ते हा प्रकाश अडवणार तरी कसं?

तिसरी ट्यूब टिंटेड. एसपीएफ ३०, पीएला चार अधिक, आणि घटकांत आयर्न ऑक्साइड्स. हा मातकट रंगच तो प्रकाश अडवतो, वर राखाडी छटाही झाकतो. पण ५० सोडून ३०? हिशेब केला. ३० मधून यूव्हीबीचा तिसावा भाग आत येतो, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. ५० मधून २ टक्के. फरक आहे, पण माझ्या डागांसाठी आयर्न ऑक्साइड आणि चौथा अधिक जास्त मोलाचे.

अट एकच, क्रीम भरपूर हवं. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा. मी आजवर वाटाण्याएवढं लावत होते, म्हणजे माझे ५० कधी ५० नव्हतेच!

जबड्यावर थोडं लावलं, दहा मिनिटं थांबले, बाहेर उन्हात आरसा धरला, मग फ्लॅश मारून फोटो काढला. चेहरा आणि मान एकाच बाईची दिसली. तिसरी घेतली.

तक्रार आहेच. शेड दोनच, आणि पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरला हमखास डाग पडतो. पण तो धुतल्यावर जातो हो!