पाणी सांगेल तो पोशाख

मालवणच्या समुद्रात पोहणाऱ्या एखाद्या मुलाला वेटसूट दाखवलात, तर तो हसून विचारेल, "ह्यात मला उकडून काढायचंय की काय?" त्याचं बरोबरच आहे. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कोमट असतं. पण आता आपल्याकडची मुलं परदेशातल्या थंडगार तळ्यांतही शर्यती पोहायला जातात. माझी भाची अशाच एका 5 किलोमीटरच्या शर्यतीला निघाली, तेव्हा तिच्यासोबत पोशाख निवडायला मी गेलो होतो. तिथे जे पाहिलं, शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

वेटसूट असतो निओप्रीन नावाच्या रबराचा. त्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते दोन कामं करतात. एक म्हणजे अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. दुसरं म्हणजे अंगाला वर उचलून धरतात. ज्याचे पाय पोहताना खाली जातात, त्याला ह्याचा फार फायदा होतो. पाय वर आले की अंग आडवं होतं आणि पाण्याचा अडथळा कमी होतो. मात्र ज्याचे पाय मुळातच वर राहतात, त्याने सांभाळायचं हं! सूटने पाय आणखी उचलले, तर टाचा पाण्याबाहेर येतात आणि लाथ हवेतच जाते.

स्विमस्किन अगदी वेगळा. तो कापडाचा असतो. पाणी त्यात मुरत नाही आणि अंगावरून सुळकन निसटतं. पण तो तरंगायला मदत करत नाही, की ऊबही देत नाही.

मग घ्यायचा कुठला? ते तुमच्या आवडीवर नाही, पाण्याच्या तापमानावर ठरतं! खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी 'वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स' ह्या जागतिक संघटनेचा नियम असा आहे : पाणी 18 अंश सेल्सिअसहून थंड असेल, तर वेटसूट घालायलाच हवा. 18 ते 20 च्या मध्ये असेल, तर तुमची मर्जी. 20 अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर वेटसूटला बंदी. आणि 16 च्या खाली असेल, तर शर्यतच नाही. बंदी कशाला, म्हणाल? कोमट पाण्यात जोर लावून पोहताना अंग तापतं. रबराच्या आत ती उष्णता कोंडून राहिली, तर पोहणारा चक्कर येऊन बुडूही शकतो. शिवाय तरंगण्याची आयती मदत कशाला? ट्रायथलॉनचे आकडे मात्र वेगळे असतात, म्हणून आपल्या शर्यतीचं नियमपत्रक आधी वाचायचं.

दुकानात भाचीने सूट कसा घातला, ते पाहा. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवला, म्हणजे रबर अडकत नाही. मग नखं न लावता, बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर ओढत नेलं. जांघेत पोकळी राहिली, तर खांद्यावर ताण येतो आणि हात लवकर दमतो. कोरडा सूट जरा घट्टच वाटायला हवा, कारण ओला झाला की तो सैलावतो. पण पूर्ण श्वास घेता यायला हवा, आणि हात सहज डोक्यावर जायला हवा. पहिला सूट तिच्या गळ्याशी आवळत होता. थंड पाण्यात पडल्यावर आधीच श्वास अडकतो, त्यात असा गळा म्हणजे घाबरायला निमित्तच! दुसऱ्याची कंबर मागे फुगत होती. तिथे पाणी शिरून खळखळत राहतं, मग ऊबही जाते आणि वेगही. तिसरा नीट बसला.

तिने सोबत कापडी पोशाखही नेला. तो खांद्यापलीकडे जाणारा नको, मान झाकणारा नको, घोट्याखाली नको, हे नियमात पाहून घेतलं होतं. दोन दिवस आधी तळ्याचं पाणी 19 अंश होतं. ती वेटसूटमध्ये सराव करून आली. शर्यतीच्या सकाळी, सुरू व्हायच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यभागी 40 सेंटिमीटर खोल पंचांनी तापमान मोजलं. आकडा आला 20.2! सगळे वेटसूट पिशवीत गेले. तिच्या शेजारची मुलगी रडवेली झाली, कारण तिचा कापडी पोशाख घरी राहिला होता. भाचीने आपला चढवला आणि ती रांगेत उभी राहिली.

तेव्हा असल्या शर्यतीला जाताना दोन्ही पोशाख पिशवीत ठेवा, आणि दोन्ही घालून आधी पोहून पाहा. मात्र वेटसूटचा सराव आपल्या गरम तलावात करत असाल, तर थोडाच वेळ करा, बरं का! डोकं गरगरायला लागलं किंवा मळमळलं, तर लगेच बाहेर या आणि गळ्याची चेन उघडा.