पत्रिका जुळत नाही

आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दिवसाकाठी चार गोड खोटी बोलल्याशिवाय माणसाचं भागत नाही. दारात आलेला पाहुणा उपाशी असला तरी "आत्ताच जेवून निघालो" म्हणतो, आणि घरधनीणही ते न ऐकता तव्यावर भाकरी टाकते. "पाटसच्या पुढं आलोय" असं फोनवर सांगणारा अजून पुण्यातच असतो, हे वाट बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही खोटी बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांनाही पाठ असतात. त्यांनी कुणाचा विश्वास तुटलेला मी पाहिला नाही.

माझं मन अडतं ते सोयरिकीतल्या खोट्यापाशी. स्थळ येतं, कांदेपोहे होतात, "कळवतो" म्हणून पाहुणे उठतात, आणि आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप येतो : पत्रिका जुळत नाही.

या निरोपात केवढी माया असू शकते, हे आधी मान्य करायला हवं. नीरा डावा कालवा बारामतीतून पुढं इंदापूर तालुक्यात जातो. आवर्तन लांबलं की टेलच्या रानाला पाणी पोचत नाही. ओळखीतल्या एका घरी असंच झालं. मुलगा चांगला, वस्ती चांगली, पण जमीन टेलला. मुलीच्या बापाला ते नको होतं. मुलीनंही आईच्या कानात नकार सांगितला होता. आता शेतकऱ्याला त्याच्याच ओसरीवर "तुमच्या रानाला पाणी नाही" कसं म्हणायचं? आणि "मुलगी नको म्हणते" असं म्हटलं, तर गाव त्या पोरीला नावं ठेवणार. म्हणून "एकनाडी निघाली" असा निरोप गेला. दोष नक्षत्रांवर गेला आणि पोरगी सुटली. महाभारताच्या कर्णपर्वातही, ज्या मोजक्या प्रसंगी असत्य क्षम्य मानलं आहे, त्यांत विवाहाचा प्रसंग येतो.

एकनाडी हे कारण सोयीचं का, तेही समजून घेण्यासारखं आहे. गुणमेलनात एकूण 36 गुण, त्यातले सर्वांत जास्त, 8, नाडीचे. 27 नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली, त्यामुळे कोणत्याही दोघांची नाडी एकच निघण्याची शक्यता साधारण तिनात एक. ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. शिवाय एकनाडी हा जोडीचा दोष आहे, एकट्या मुलाचा नव्हे. दुसऱ्या नाडीच्या मुलीशी तो आपोआप मिटतो. बापानं निवडलेलं खोटं खरोखर हळुवार होतं.

पण ते वाटेत बदललं. मध्यस्थाच्या तोंडून मुलाच्या घरी पोचेपर्यंत त्याचं "पोराच्या पत्रिकेत दोष निघाला" झालं होतं. आईनं ते मनाला लावून घेतलं. शांती करायचं ठरवलं, तोवर पुढचं स्थळ थांबवलं. शांतीचा खर्च झाला, लगीनसराई निघून गेली. पुढं मुलाच्या चुलत्यानं सहज पंचांग उघडलं. गुणमेलनाचं कोष्टक त्यात असतंच. दोघांची जन्मनक्षत्रं माहीत असली की बघायला दोन मिनिटं लागतात. नाड्या वेगळ्या होत्या, आणि गुणही चालतात त्या 18 पेक्षा बरेच वर. मग त्यांना आठवलं, की मुलीकडच्यांनी मुलाची जन्मवेळ कधी विचारलीच नव्हती.

नकाराचं दुःख त्या घराला फारसं झालं नाही. सोयरिकीत नकार येतातच. दुखलं ते वेगळं. पाण्याचं खरं कारण कळलं असतं तर त्यांनी पुढच्या पाहुण्यांना आपलं शेततळं आधी दाखवलं असतं. आणि त्या मध्यस्थानं नंतर आणलेल्या चांगल्या स्थळावरही त्यांचा विश्वास बसेना. भल्या माणसाचा शब्द तिथं संपला.

"जेवून आलोय" ऐकून कुणी काही करत नाही, फार तर आग्रह करतं. "दोष निघाला" ऐकून एक आई पैसे मोडते, वेळ घालवते, लेकराकडे वेगळ्या नजरेनं बघते. ज्या खोट्यावर समोरचा पुढचं पाऊल टाकणार आहे, ते कितीही मायेनं बोललेलं असो, मला मान्य नाही. इथं माझ्या मनात विश्वासाचं पारडं जड आहे.

हे खोटं टाळायचं म्हणून पोरीला उघडं पाडावं लागतं असंही नाही. आपल्याकडे जुनी माणसं नुसतं "योग नाही" म्हणायची. त्यात कारणच नसायचं, त्यामुळे खोटं कारणही नसायचं. तेव्हा तुमच्या घरातून नकार जाणार असेल, तर मध्यस्थावर सोपवू नका. स्वतः फोन करा, "आम्हाला पुढं जायचं नाही, तुमच्या मुलात काही कमी नाही" एवढंच सांगा, आणि पत्रिका पाहिली नसेल तर तिचं नाव घेऊ नका.