संदर्भाचा शेवटचा अंक

विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’ नावाचे एक पान आहे. ताजी संपादने तिथे ओळीने दिसतात आणि माझ्यासारखे स्वयंसेवक ती चाळत बसतात. एका रात्री धारवाडच्या घरी बसून ते पाहत असताना जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयीचा एक नवा परिच्छेद समोर आला. ‘धारवाडच्या साहित्यमेळाव्यांतून त्यांनी नवोदितांच्या पिढ्या घडवल्या आणि सांस्कृतिक जीवनाला नवी दिशा दिली,’ असे त्यात होते. जी. ए. इथे इंग्रजी शिकवीत, हे खरे. पण सभासमारंभांपासून दूर राहणारा तो माणूस मेळाव्यांत कुठून आला?

मजकूर यंत्राने लिहिला असावा, असे वाटले. मात्र शैली हा पुरावा नव्हे. ‘नवी दिशा दिली’ हे आपल्या सत्काराच्या भाषणांत यंत्रे येण्याआधीपासून आहे! दुव्याच्या शेपटीला utm_source=chatgpt.com असे चिकटलेले असले, तरी तो दुवा कुठून आला एवढेच कळते. मजकूर कोणी लिहिला हे नव्हे. म्हणून भाषा बाजूला ठेवून संदर्भ तपासावा लागतो.

इथे संदर्भ म्हणून आठवणींचे एक पुस्तक दिले होते आणि त्याचा आयएसबीएन 9788185046276 असा होता. या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून ठरतो. त्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरीज करायची. इथे ती १३७ आली. शेवटचा अंक मिळवून एकूण बेरजेला १० ने नि:शेष भाग जायला हवा, म्हणजे तो ३ असायला हवा होता. दिला होता ६. छपाईतही अशी चूक होते, म्हणून मी ग्रंथालयांच्या सूचींत शीर्षक आणि लेखक शोधले. दोन्ही मिळाले नाहीत.

खरी अडचण याच्या उलट असते. क्रमांक बरोबर, पुस्तकही खरे, पण दाखवलेल्या पानावर ते विधानच नसते. तिथे गणित उपयोगाचे नाही. पुस्तक हाती घेऊन पान उघडावे लागते. सीमाभागातील मराठी लेखकांविषयीची कित्येक पुस्तके जालावर नाहीत, त्यामुळे असा खोटेपणा इथे सहज टिकतो. मग एखादा वार्ताहर तो उचलतो, आणि पुढे त्याचीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून परत येते.

तो परिच्छेद मी काढला. संपादन सारांशात ‘संदर्भ सापडला नाही’ एवढेच लिहिले, यंत्राचा उल्लेख केला नाही. सदस्याच्या चर्चापानावर विचारले, ‘हे पुस्तक आपण कुठे पाहिले?’ दोन दिवसांनी उत्तर आले: पुस्तक पाहिलेले नव्हते. पण ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार जी. एं.नी परत केला होता, त्यावर लिहायचे असल्यास काय वाचावे, असेही त्याने विचारले होते. मी त्याला ग्रंथालयाची वेळ कळवली.