तासभर काही खायचं नाही

१३ जानेवारी, धडगाव तालुका

दुपारी आश्रमशाळेत पोहोचलो. वीज आहे म्हणे, पण ती कधी असते ते कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे ती नाहीच असं धरून चाललो. खरं तर पेटीत विजेवर चालणारं काही आणलेलंही नाही. आरसे, प्रोब, चिमटे, लहान-मोठे चमच्यासारखे एक्स्कॅव्हेटर, इनॅमल फोडायचं हॅचेट, ग्लास आयोनोमरची पावडर आणि तिचं द्रव, कापूस, व्हॅसलिन. आणि प्रेशर कुकर.

कुकर पाहून स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, डाळ लावायची का?" अवजारं शिजवायची आहेत म्हटल्यावर त्यांना वाटलं मी थट्टाच करतेय. तळाशी दोन बोटं पाणी घातलं, धुतलेली अवजारं आत ठेवली, झाकण लावलं. नळीतून जोरात वाफ यायला लागल्यावर शिट्टी ठेवली आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजली. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही.

वर्गातले दोन बाक जोडले, वर गोधडी घातली, पायांची बाजू पूर्वेच्या खिडकीकडे ठेवली. मी मुलाच्या डोक्यामागे बसणार. उजेड तोंडात पडला पाहिजे, माझ्या पाठीवर नाही. एवढं जुळवायला अर्धा तास गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी नुसती तपासणी. विजेशिवाय दात भरण्याच्या या उपचारात हातकौशल्यापेक्षा निवड मोठी, हे दर शिबिरात नव्याने कळतं. सातवीतला एक मुलगा रात्री झोपेतून उठून रडतो, असं गुरुजींनी सांगितलं. दाढेच्या मुळाशी हिरडीवर पुटकुळी होती. कीड नसेपर्यंत गेली आहे. वरून सिमेंट भरलं तर आतला पू तिथेच कोंडायचा. त्याचं नाव जिल्हा रुग्णालयात पाठवायच्या यादीत लिहिलं. तो हिरमुसला. बाकीच्यांचे दात "भरणार" आणि त्याचा नाही, म्हणजे आपल्याला काहीतरी कमी मिळतंय, असं त्याला वाटलं.

चौथीतल्या एका मुलीची खालची दाढ मात्र अगदी या कामासाठीच बेतलेली. सहाव्या वर्षी येणारी ही पहिली पक्की दाढ. आईवडील तिला दुधाची समजतात आणि पडेल म्हणून सोडून देतात. चावण्याच्या बाजूला काळं भोक, मिलिमीटरभराचं. गार पाण्याने कळ येते, पण पाणी गिळलं की थांबते. रात्री दुखत नाही, सूज नाही.

भोक लहान असल्यामुळे एक्स्कॅव्हेटर आत जाईना. हॅचेटचं टोक भोकात टेकवून किल्लीसारखं मागे-पुढे फिरवलं. आधार नसलेलं इनॅमल कडेने कुरकुरत तुटलं. खाली ओल्या साबणासारखं मऊ डेंटीन. इथे नवशिके चुकतात. त्यांचा हात आधी तळाकडे जातो, कारण काळं तिथे दिसतं. पण आधी कडा साफ करायच्या. इनॅमल आणि डेंटीन जिथे मिळतात ती रेघ सगळीकडून कडक लागेपर्यंत खरवडायची, कारण सिमेंट तिथे धरलं नाही तर बाकी सगळं फुकट. तळाला उलट हात आखडायचा. मऊ लगदा काढला, पण नसेच्या वर चामड्यासारखा चिवट थर लागला तिथे थांबले. तो डागाळलेला राहू द्यायचा. वर घट्ट झाकण बसलं की आत उरलेल्या जंतूंचा अन्नपुरवठा तुटतो आणि कीड थबकते. हे सगळं इंजेक्शनशिवाय. मुलीने एकदाच कपाळाला आठी घातली, तेव्हा मी चमचा उचलला.

खळगा सौम्य आम्लाच्या बोळ्याने दहा-पंधरा सेकंद पुसला, ओल्या बोळ्यांनी तीनदा धुतला, कोरड्याने टिपला. गालाच्या आणि जिभेच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या. सोबतच्या सिस्टरने एक सपाट चमचा पावडर, एक थेंब द्रव घेऊन अर्ध्या मिनिटात मळलं. चकाकी होती तोवर भरलं. बोटाला व्हॅसलिन लावून दाढेवर दाबून धरलं, म्हणजे सिमेंट बाजूच्या बारीक घळींतही शिरतं. वर आलेलं कोरून काढलं, चावून बघायला लावलं, पुन्हा व्हॅसलिनचा हात दिला.

"तासभर काही खायचं नाही हं."

नेमका त्याच वेळी बाहेर तिळगूळ वाटायला सुरुवात झाली. दातांच्या शिबिरात संक्रांत हा योग माझाच! मुलगी तासभर मुठीत लाडू धरून दाराशी बसली. मूठ चिकट झाली, पण लाडू अख्खा राहिला.

१५ जानेवारी

एका मुलाने सकाळी तळहातावर भरणच आणून दाखवलं. काल दुपारी भरलेलं. चूक माझी. सिमेंट मळून तयार असताना हेडसर सही घ्यायला आले, मी मान वळवली. परत बघते तर चकाकी गेलेली. टाकून दुसरं मळायला हवं होतं, पण पावडर वाया जाईल म्हणून तेच कोंबलं. चकाकी म्हणजे दाताला धरायला अजून मोकळं आम्ल शिल्लक आहे. ती गेली की सिमेंट खळग्यात नुसतं बसतं, चिकटत नाही. वाचवलेल्या चिमूटभर पावडरीपायी आज त्या मुलाला पुन्हा आडवं केलं.

दुपारी ऊन चढलं की हे लवकर घडतं. म्हणून आज मळण्याची काच माठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवली, पुसून वापरली. थेंब पाडताना बाटली आधी आडवी करून मग उभी धरायची, नाहीतर थेंबात बुडबुडा येतो, द्रव कमी पडतं आणि मिश्रण कोरडं होतं.

रात्री कंदिलापाशी टांझानियाची आठवण काढत बसले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला यो फ्रेंकन यांनी दार-ए-सलाममध्ये या पद्धतीला सुरुवात केली. जिथे वीज नाही तिथे दात काढण्याखेरीज काही करता येईल का, हा प्रश्न होता. सिमेंट लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी आधीच शोधलं होतं. पुढे थायलंड आणि झिंबाब्वेच्या गावांत पद्धत पारखली गेली आणि ७ एप्रिल १९९४ ला, जागतिक आरोग्य दिनी, जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. पुण्या-मुंबईत हिला काही जण अजून "गरिबांची तडजोड" म्हणतात. त्यांच्या क्लिनिकमध्येही हल्ली नसेवरचा चिवट थर मुद्दाम ठेवतात, ते मात्र आधुनिक.

१६ जानेवारी

शेवटचा दिवस. दोन दुधाच्या दाढांच्या मध्ये कीड असलेली तीन मुलं. भरलं, पण मनाची खात्री नाही. दुधाच्या दाढेत एकाच पृष्ठावरचं भरण दोन वर्षांनी शंभरात नव्वदहून जास्त टिकलेलं आढळतं. दोन पृष्ठांवर गेलं की आकडा साठ-पासष्टाच्या आसपास येतो. हिरडीजवळ ओल राहते, कडेला सिमेंट पातळ पडतं आणि चावताना तिथेच तुटतं. गुरुजींना हे तसंच सांगितलं.

२० जुलै

पावसात रस्ता खचला होता, शेवटचे चार किलोमीटर चालत. मधल्या किडीच्या तिघांपैकी एकाचं भरण अर्धं तुटलंय. दाढ दुखत नाही. कडा साफ करून पुन्हा भरलं. पुटकुळीवाल्याची दाढ जिल्ह्याला काढली, तो आता त्या बाजूची फट कौतुकाने दाखवतो.

चौथीतली मुलगी आता पाचवीत. भरणाचा रंग थोडा पिवळसर झालाय, कडेला बारीक रेघ दिसते. अशा वेळी डोळ्यावर विसंबायचं नाही. प्रोबच्या टोकाचा अर्ध्या मिलिमीटरचा गोळा रेघेवरून सगळीकडे फिरवला. कुठेच आत गेला नाही, म्हणजे हात लावायची गरज नाही. गार पाणी प्यायला दिलं. ती गटागटा प्याली आणि विचारलं, "आज पण तासभर थांबायचं?"

"नाही," म्हटलं. तिने खिशातून भाजलेलं मक्याचं कणीस काढलं.