अर्ध्या गुणाचा हिशेब

स्पर्धेच्या अंतिम फेरीत केवळ बरोबरी साधली तरी क्रमांक किंवा किताब पदरात पडणार, अशी परिस्थिती ज्या खेळाडूच्या वाट्याला येते, त्याचे आप्तेष्ट, सहकारी आणि प्रतिस्पर्धीसुद्धा त्याला भाग्यवान समजतात. परंतु बुद्धिबळाच्या शिक्षणात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना हे पक्के ठाऊक असते की, ‘आज जिंकलेच पाहिजे’ अशा निकडीने बसलेल्या खेळाडूपेक्षा ‘आज हरलो नाही म्हणजे झाले’ अशा समाधानाने बसलेला खेळाडू पुष्कळदा अधिक संकटात असतो. त्याने सुरक्षित खेळावे की धारदार चाली करून विजयासाठी झुंजावे, हा प्रश्न माझे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात. त्याचे माझे उत्तर एका वाक्यात मावत नाही. म्हणून या लेखाचा प्रपंच.

सर्वप्रथम, बरोबरी खरोखरच पुरेशी आहे काय, हे फेरीपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन निश्चित केले पाहिजे. आपल्याकडील स्विस पद्धतीच्या स्पर्धांत समान गुण झाल्यावर बुकोल्झ गुणांनी क्रमांक ठरतात, आणि ते गुण आपल्या पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांवर अवलंबून असल्यामुळे शेवटच्या दिवशी आपल्या हाती नसतात. २०१३ साली लंडनमध्ये आठ खेळाडूंच्या आव्हानवीर स्पर्धेत तेरा फेऱ्यांनंतर कार्लसन आणि क्रामनिक यांचे प्रत्येकी साडेआठ गुण होते. त्यांचे आपसांतले दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यामुळे अधिक विजय कोणाचे, हा निकष लागू होणार होता, आणि त्यात कार्लसन पाच विरुद्ध चार असा पुढे होता. म्हणजे दोघांचे निकाल सारखे लागले तर कार्लसनची निवड ठरलेली. क्रामनिकला त्याच्याहून सरस निकाल हवा. या हिशेबाने बांधलेल्या क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी इव्हानचुकविरुद्ध पिर्क बचाव पत्करला. या बचावात काळा पक्ष मध्यभाग प्रतिपक्षाला देऊन टाकतो आणि पुढे उलट हल्ल्याची आशा धरतो. तिकडे पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा कार्लसन स्विडलरकडून पराभूत झाला. त्या निकालासमोर क्रामनिकला नुसती बरोबरी पुरली असती, परंतु आरंभीच पत्करलेली मांडणी मागे घेता येत नाही, आणि तोही हरला. निवड कार्लसनचीच झाली, व पुढे चेन्नईत त्याने आनंदकडून विश्वविजेतेपद घेतले. अंतिम फेरीत ‘पुरेसे’ ही गोष्ट शेजारच्या पटावर घडीघडीला बदलत असते. सबब पहिल्या दहा-बारा चालींत परतीची वाट बंद करणारी मांडणी तिथे मी तरी पसंत करणार नाही.

हिशेब असा पक्का झाल्यानंतरचा प्रश्न प्रत्यक्ष पटावरचा आहे. त्यासाठी मी कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह यांचे दोन डाव शेजारी शेजारी मांडून दाखवतो. ते स्पर्धेतले नसून विश्वविजेतेपदाच्या सामन्यांतले आहेत. परंतु दोन्ही त्या त्या सामन्यातील शेवटचे, म्हणजे चोविसावे, आणि दोन्हींत एकाला बरोबरी पुरेशी तर दुसऱ्याला विजय अनिवार्य. दोन वर्षांच्या अंतराने त्या दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या, म्हणून ही जोडी माझ्या दृष्टीने अतुलनीय आहे.

पहिला डाव मॉस्कोतला, ९ नोव्हेंबर १९८५ या तारखेचा. कास्पारोव्ह बारा विरुद्ध अकरा असा पुढे. कार्पोव्ह जिंकला असता तर बारा-बारा होऊन विजेतेपद त्याच्याकडेच राहिले असते. काळी मोहरी घेऊन बसलेल्या कास्पारोव्हने राजाच्या प्याद्याला सिसिलियन बचावाने उत्तर दिले. एखाद्या सावधगिरीच्या उपदेशकाने त्याला सममित, मोहरी झटपट मारून संपवणारा एखादा बचाव सुचवला असता. पण ज्या प्रकारच्या स्थितीचे मर्म आपल्याला सर्वांत चांगले उमगते, ती स्थिती त्याने पसंत केली, आणि माझ्या मते खरी सुरक्षितता तीच होय. कार्पोव्हने राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलली, हत्ती तिसऱ्या रांगेवरून काळ्या राजासमोर आणून ठेवला. कास्पारोव्हने आपले दोन्ही हत्ती एकामागे एक अशा स्तंभावर नेले की जो त्या वेळी बंद होता. प्रेक्षकांना निरुद्देश वाटावी अशी ही हालचाल पुढील प्यादेचालीची पूर्वतयारी होती. पंचविसाव्या चालीला त्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पट उघडला, आणि त्याच्या मोबदल्यात वजिराच्या बाजूचे एक प्यादे जाऊ दिले.

येथे या डावाचे रहस्य येते, ते जरा थांबून पाहू. एकोणतिसाव्या चालीला कास्पारोव्हने घोडा पटाच्या कडेला नेऊन कार्पोव्हच्या हत्तीवर मारा केला. हत्ती एक घर पुढे सरकला. घोडा पूर्वीच्या घरी परतला आणि त्याने पुन्हा हत्तीवर मारा केला. आता हत्ती मागे गेला असता तर घोडा पुन्हा कडेला, हत्ती पुन्हा पुढे, आणि एकच स्थिती तीनदा आली म्हणजे बरोबरी. ज्याला बरोबरी म्हणजे सर्वनाश, त्या कार्पोव्हला ही तडजोड नामंजूर करणे भागच होते. म्हणून हत्ती सरळ मागे न नेता त्याने तो बाजूला, पटाच्या अगदी कडेच्या घरात ठेवला. त्या घरात हत्ती येताच कास्पारोव्हने एकतिसाव्या चालीला घोड्याशेजारचे प्यादे पुढे ढकलले. पांढऱ्याने ते मारले, त्यासरशी हत्तीसाठी स्तंभ मोकळा झाला, घोडा उडी मारून पुढे गेला आणि मागच्या हत्तीचा मारा थेट पांढऱ्या वजिरावर उघडा पडला. त्यानंतर वेळेच्या टंचाईत कार्पोव्हची मोहरी एकमेकांपासून तुटत गेली आणि बेचाळिसाव्या चालीला डावाचा फैसला झाला.

मला यातून जे सांगायचे आहे ते असे की, बरोबरी पुरेशी असणे हा ढालीसारखा अंगावर घेऊन बसण्याचा लाभ नव्हे. तो प्रतिपक्षाकडून वसूल करण्याचा लाभ आहे. दरवेळी बरोबरीकडे नेणारी एक वाट आपण उघडायची आणि ती नाकारण्यासाठी प्रतिपक्षाला एखादे मोहरे अयोग्य घरी ठेवायला लावायचे. परंतु ही वसुली करायची तर पटावर पुरेसा जीव हवा. नाकारण्याची किंमत मोठी भरावी लागेल अशी स्थिती असेल, तरच प्रतिपक्ष ती भरताना मोडतो.

दुसरा डाव सेव्हिलचा, डिसेंबर १९८७ मधला. या वेळी बारा-अकराची आघाडी कार्पोव्हकडे, कारण आदल्या डावात कास्पारोव्हच्या हातून घोडचूक झाली होती. पांढरी मोहरी घेऊन जिंकणे अनिवार्य असताना कास्पारोव्हने हल्ल्याची घाई मुळीच केली नाही. वजिराच्या उंटाचे प्यादे पुढे टाकून, दोन्ही उंट बगलेवर बसवून, तो संथपणे खेळत राहिला आणि कार्पोव्हला जी सरळ अदलाबदल हवी होती ती टाळत गेला. स्थिती जवळजवळ समतोल होती. पण समतोल स्थितीत प्रत्येक चालीला ‘हे सुरक्षित आहे ना’ असे विचारत बसणाऱ्याचे घड्याळ प्रतिपक्षाच्या घड्याळाहून जलद चालते, आणि चाळीस चालींची मुदत जवळ आली तेव्हा कार्पोव्ह वेळेच्या कठीण टंचाईत सापडला.

एकतिसाव्या चालीला कास्पारोव्हने घोडा मध्यभागी आणून वजिराच्या बाजूचे प्यादे सोडून दिले, आणि कार्पोव्हने ते घोड्याने मारले. लगेच हत्तींची अदलाबदल झाली. सामान्य समज असा की, मोहरी जितकी कमी तितकी बरोबरी जवळ. येथे त्याचे नेमके उलट झाले. तो काळा हत्ती मागच्या रांगेचा पहारेकरी होता. तो गेला, आणि त्याच्या जागी परत मारण्यासाठी काळ्या दुसऱ्या घोड्याला स्वतःच्याच मागच्या रांगेत जावे लागले. एक घोडा कडेला, दुसरा कोपऱ्याकडे, वजीरही बगलेवर. राजाजवळ कोणी नाही. कास्पारोव्हने वजीर मूळ घरी आणून एकाच वेळी कडेच्या घोड्यावर आणि मोकळ्या मागच्या रांगेवर नेम धरला. कडेचा घोडा मध्यभागाकडे परत घेतला असता तर, पुढील विश्लेषणानुसार, डाव बरोबरीत राहिला असता; परंतु कार्पोव्हने दुसरा घोडा राजाच्या संरक्षणार्थ सरकवला. ती चाल दिसायला सर्वांत सुरक्षित होती. वजिराने शह दिला, पांढऱ्या घोड्याने राजासमोरचे प्यादे मारले, आणि काही चालींच्या अंती कास्पारोव्हकडे एक प्यादे जास्त असलेला अंत्यडाव उरला. दुसऱ्या दिवशी तो पुढे चालू होऊन चौसष्टाव्या चालीला कार्पोव्हने पराभव मान्य केला. सामना बारा-बारा झाला आणि विजेतेपद कास्पारोव्हकडेच राहिले.

कार्पोव्हसारख्या बचावाच्या आचार्याचे येथे काय चुकले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याने भेकडपणा केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्यादे मारण्याची चाल भेकडाची नव्हे. मला वाटते, डावाच्या पूर्वार्धात कास्पारोव्हला काही नाकारायला लावावे, अशी एकही संधी त्याने निर्माण केली नाही. परिणामी सारे निर्णय त्याच्याच वाट्याला आले आणि वेळही त्याचाच गेला. कास्पारोव्हला मॉस्कोत जी किंमत कार्पोव्हकडून घेता आली, ती सेव्हिलमध्ये कार्पोव्हने मागितलीच नाही.

सामान्य स्पर्धकासाठी या विवेचनातून मी तीन-चार गोष्टींचा आग्रह धरतो. आरंभीची मांडणी नेहमीचीच ठेवावी. केवळ त्या दिवसापुरता, बरोबरीच्या लोभाने, अपरिचित आणि ‘मृत’ समजला जाणारा प्रकार खेळू नये, कारण मृत स्थितीतही दोन तास बसावे लागते आणि तिथल्या बारीकसारीक युक्त्या अपरिचिताला ठाऊक नसतात. अदलाबदल करण्यापूर्वी ‘मोहरे गेल्यावर माझी कोणती घरे उघडी पडतात’ हे पाहावे. एका हत्तीची अदलाबदल ही पहाऱ्याची अदलाबदल असू शकते. विजयाची धारदार चाल समोर दिसत असेल, आणि ती चुकली तरी बरोबरीची एक वाट मागे शिल्लक राहत असेल, तर ती चाल अवश्य करावी. तशी वाट शिल्लक राहत नसेल, तर अंतिम फेरीत ती सोडून द्यावी, मग ती कितीही मोहक असो. स्वतःच्या घड्याळात प्रतिपक्षाहून अधिक वेळ राखणे, हे मी या सगळ्याहून महत्त्वाचे मानतो.

बरोबरीच्या प्रस्तावाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नियमाप्रमाणे आधी पटावर चाल करावी, मग प्रस्ताव मांडावा आणि नंतर घड्याळ दाबावे; प्रतिपक्ष तोंडी नकार देऊ शकतो, किंवा चाल करण्याच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावूनही प्रस्ताव फेटाळू शकतो. ज्याला विजय हवाच आहे, तो पंधराव्या चालीचा प्रस्ताव फेटाळणारच. आणि त्या नकाराने त्याला एवढे मात्र कळते की समोरच्याला डाव लवकर संपवायचा आहे. म्हणून प्रस्ताव अशा क्षणी मांडावा की त्या वेळी प्रतिपक्षाला नकार देणे प्रत्यक्ष पटावर महाग पडेल, म्हणजे त्याचे एखादे मोहरे मागे घेण्याची वेळ आलेली असेल किंवा त्याचे घड्याळ आपल्याहून मागे पडलेले असेल. फेरी संपल्यावर विद्यार्थी आपली नोंदपत्रिका घेऊन येतात, तेव्हा मी प्रथम कंसातले बरोबरीचे चिन्ह शोधतो, कारण प्रस्तावाची नोंद तशीच करायची असते. त्यानंतरच्या पाच चाली मग एकेक करून पटावर मांडतो. त्यांत मोहरी पुढे गेली आहेत की मागे, हे पाहिले म्हणजे त्या विद्यार्थ्याशी पुढच्या स्पर्धेपूर्वी कोणत्या विषयावर बोलायचे ते मला ठरवता येते. आणि ती जर मागे गेली असतील, तर सेव्हिलच्या त्या डावाच्या एकतिसाव्या चालीपासूनची स्थिती मी त्याच्यासमोर मांडतो आणि काळ्या बाजूने खेळायला सांगतो.