एकशे पन्नास टाके, आणि तेवढेच परत

ताईच्या लग्नाच्या साडीबरोबर ब्लाउजपीस एकच आलेला. दुसरा मिळणार नव्हता. त्यावर आरी वर्क करायचं ठरलं आणि सौंसरला आमच्या शेजारच्या काकूंच्या फ्रेमसमोर मी बसले.

आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कच्छमधले मोची हे हत्यार चामड्यावर वापरायचे, तेच पुढे कापडावर आलं. दोरा कापडाखाली डाव्या हातात असतो. सुई वरून आत जाते, खालचा दोरा आकड्यात अडकतो, सुईला अर्धा फेरा द्यायचा आणि फास वर ओढायचा. त्या फासातूनच पुढचा टाका निघतो. अशी साखळी तयार होते.

टाके समान येणं वरच्या हातावर आहे असं वाटतं, पण निम्मं काम खालचा हात करतो. दोरा सैल सोडला की फास फुगतो, जास्त ओढला की कापड चुण्या धरतं. कापड आधी ढोलकीसारखं ताणलेलं हवं. काकू म्हणायच्या, "काऊन घाई करून राहिली? उलटं करून पाय आधी." उलट्या बाजूला मशीनच्या टिपेसारखी सरळ रेघ दिसली, तिचे तुकडे सारखे असले, की टाके बरोबर.

आमच्या बाहीवर दहा कमानी होत्या, एकेका कमानीची रेघ 3 सेंटीमीटर. 2 मिलिमीटरचा टाका धरला तर कमानीत 15, सगळ्या मिळून 150. वळणावर टाका थोडा लहान घ्यावा लागतो, नाहीतर गोलाई कोपऱ्यांची होते. तो फरक सरळ भागात भरून काढायचा. मी प्रत्येक कमान संपली की मोजायचे. कारण दुसरी बाही वेगळ्या दिवशी, वेगळ्या हाताने झाल्यासारखी दिसते. एकीवर 15 आणि दुसरीवर 12 आले, तर हात जोडून उभ्या राहिलेल्या नवरीच्या अंगावर ते लगेच कळतं.

मणी सुईवर ओवून घ्यायचे. फास मण्यातून वर आला की पुढचा टाका मण्याच्या लांबीएवढाच पडला पाहिजे. लहान पडला तर मणी उभा राहतो, मोठा पडला तर मध्ये दोरा दिसतो. टिकल्या एकमेकींवर अर्ध्या चढवायच्या. शिवणीची जागा मात्र मोकळी सोडायची, नाहीतर मशीनची सुई मण्यावर मोडते. म्हणूनच बाही भरतकाम झाल्यावर कापायची, आधी नाही.

शेवटची गाठ सगळ्यात महत्त्वाची. साखळीचं शेवटचं टोक मोकळं राहिलं आणि ओढलं गेलं, तर अख्खी रेघ उसवत मागे जाते. शेवटचा फास उलट्या बाजूला नेऊन पक्का बांधावा लागतो. काकू प्रत्येक गाठ नखाने ओढून बघायच्या. न हलली तरच कैची उचलायच्या.

ताई चर्चच्या वेदीपुढे उभी राहिली तेव्हा लोक साडी बघत होते. मी दोन्ही बाह्यांवरच्या कमानी मोजत होते.